अजून पाच मिनिटं

माझ्या फोनमध्ये पहाटे पाच ते साडेसहा या वेळात जेवढे गजर आहेत, तेवढ्या गाड्या पांढुर्ण्याच्या स्टेशनवर थांबत नाहीत. प्रत्येक गजराला मी नाव दिलेलं आहे. पाचचा ‘शुभ सकाळ’, सव्वापाचचा ‘ऊठ’, साडेपाचचा ‘अरे ऊठ’, पावणेसहाचा ‘लाज’, सहाचा ‘बस’ आणि त्यानंतरच्या एकाचं नाव नुसतंच ‘नोकरी??’ असं आहे. ही नावं मी रात्री अकराच्या पुढे, अंगात भलताच उत्साह संचारलेला असताना टाइप करतो. त्या वेळी मला खात्री असते, की सकाळी स्क्रीनवर ‘लाज’ हा शब्द वाचला की मी ताडकन उठून बसेन. पण वाचण्यासाठी डोळे उघडावे लागतात, ही बाब रात्री अकराला कधी लक्षात येत नाही.

माझी नोकरी सौसरला, एका शाळेत कारकुनाची. घर पांढुर्ण्याला. सातची बस मिळाली तर वेळेत पोचतो, आणि त्यासाठी सहाला उठलं तरी भागतं. मग पाचचा गजर कशाला, असा प्रश्न बायकोनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारला होता. तिला मी समजावून सांगितलं, की पाचचा गजर उठण्यासाठी नसतोच. अजून तासभर झोपता येणार आहे, हे सुख जागेपणी कळावं म्हणून तो असतो. झोपेत असताना माणसाला आपण झोपलोय हे कळत नाही. ते कळण्यासाठी मध्ये कोणीतरी उठवावं लागतं.

“म्हंजे तुमाले झोपाले मिळते हे कळावं म्हणून मी उठू?” ती म्हणाली. तिला हे तत्त्वज्ञान अजूनही पटलेलं नाही.

शाळेत माझ्याकडे जी कामं आहेत त्यांत उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांची वहीसुद्धा आहे. हा नियतीचा विनोद म्हणावा की मुख्याध्यापकांचा, हे मी ठरवू शकलेलो नाही. पोरं फाटकातून धापा टाकत येतात, मी चष्म्यावरून बघत विचारतो, “काऊन रे, उशीर काऊन?” आणि ती कारणं सांगतात. वहीत ‘कारण’ असा एक रकाना आहे. त्यातली चांगली कारणं मी स्वतःसाठी राखून ठेवतो. एकदा मुख्याध्यापकांनी वही चाळता चाळता सहज विचारलं, “बाबूजी, तुम्ही ज्या दिवशी पोरांच्या मागून येता, त्या दिवशी तुमचं नाव कोण लिहितं?” मी म्हटलं, “सर, त्या दिवशी वही माझ्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असते.”

यात नवीन काही नाही, कारण उशिरा निघण्याची परंपरा आमच्या गावात जुनीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिची दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन निघाला, नदी ओलांडताना दोघं सापडली आणि दोन्ही काठांवरून गोटे सुरू झाले. लोक यात प्रेम बघतात, वैर बघतात, चंडीमातेची कृपा बघतात. मला मात्र यात एक न वाजलेला गजर दिसतो. पळून जायचं ठरल्यावर माणूस भर उजेडात, भर पात्रात सापडतोच कसा? पठ्ठ्यानं पहाटे एकदा डोळे उघडले असणार, बाहेर अंधार बघितला असणार आणि म्हटलं असणार, अजून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी गाव अजून दरवर्षी डोकी फोडून घेतं.

आमच्या वडिलांच्या काळी ही भानगड नव्हती. घरात चावीचं घड्याळ होतं, डोक्यावर दोन घंट्या आणि मध्ये एक हातोडी. पाठीमागे दोन चाव्या, एक घड्याळ चालवायची आणि दुसरी गजराची. गजराची स्प्रिंग एकदा सुटली की पूर्ण उलगडेपर्यंत हातोडी बडवत राहायची, आणि आवाज कमी पडू नये म्हणून बाबा ते घड्याळ पितळेच्या परातीत ठेवायचे. मग ती परातही वाजायची, परातीखालचा लाकडी स्टूल वाजायचा, आणि शेजारचे काका त्यांच्या घरी उठायचे. त्या घड्याळाला बाराच तास कळायचे. पहाटेचे पाच आणि संध्याकाळचे पाच यांत त्याच्या लेखी काही फरक नव्हता. बाबांनी दुपारीच चावी भरून ठेवली, की संध्याकाळी पाच वाजता भरल्या घरात पाहुण्यांसमोर परात दणाणायची. एकदा तर बघण्याच्या कार्यक्रमात दणाणली. पण त्या घड्याळाची एक गोष्ट मानली पाहिजे. त्याला ‘नंतर’ हा शब्द माहीत नव्हता. बंद म्हणजे बंद. दाबलंत की पुढची जबाबदारी तुमची.

‘नंतर’ हा शब्द घड्याळाला शिकवला अमेरिकेनं. १९५६ साली जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉन या कंपनीनं ‘स्नूझ-अलार्म’ नावाचं घड्याळ बाजारात आणलं. दांडी दाबली की गजर थोडा वेळ गप्प बसायचा आणि पुन्हा वाजायचा. पुढे या सवलतीची नऊ मिनिटं अशी काही रूढ झाली, की आयफोनवर कित्येक वर्षं नऊ म्हणजे नऊच मिनिटं मिळत, ती बदलायची सोयच नव्हती. आमच्या फोनवर दहा मिळतात. महिन्याचा हिशेब केला तर एका मिनिटाच्या या फरकानं आयफोनवाल्यांपेक्षा माझी केवढी झोप जास्त होते, हे मी एकदा दुपारी टेबलावर कागद घेऊन काढत बसलो होतो. मुख्याध्यापक मागे उभे होते.

आता प्रश्न असा, की जो माणूस रात्री एवढे गजर लावतो तो सकाळी ते एवढ्या शांतपणे बंद कसे करतो? आणि नंतर छातीवर हात ठेवून “वाजलाच नाही” असं कसं सांगतो? बायकोच्या मते मी खोटं बोलतो. पण माझी बाजू घेणारं एक संशोधन आहे. २००२ साली अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी माणसं झोपेतून उठवून त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. त्यात दिसलं, की जाग आल्याबरोबर मेंदूच्या तळाचा आणि मधला भाग लगेच कामाला लागतो. पण कपाळामागचा, म्हणजे विचार करणारा, निर्णय घेणारा भाग मागाहून, सावकाश जागा होतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात, झोप अपुरी असेल तर त्याहून जास्त.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर कुठलंही सरकारी कार्यालय उभं राहिलं. शिपाई येऊन शटर उघडतो, दिवे लावतो, पंखा सुरू करतो. साहेबांची खुर्ची मात्र रिकामी असते. पहाटे पाच वाजता माझ्या डोक्यात नेमकं हेच होतं. गजराची फाईल येते तेव्हा हात हलवणारा शिपाई हजर असतो आणि साहेब अजून घरी असतात. शिपायाला सही करायचा अधिकार नाही, पण शिक्का टेबलावरच पडलेला असतो. तो फाईलवर ‘निकाली’ असा शिक्का मारतो आणि पुन्हा बाकावर आडवा होतो. साडेसहाला साहेब येतात आणि ओरडतात, “माझ्यापर्यंत फाईल आलीच कशी नाही?” कशी येईल? आणि शिपायाला तरी काय आठवणार? अर्ध्या-एका मिनिटापुरती जाग आली आणि लगेच परत झोप लागली, तर त्या जागेपणाची नोंद बहुतेक वेळा स्मरणात राहतच नाही. म्हणून “वाजलाच नाही” हे माझं विधान खोटं नसून आवक-जावक रजिस्टरप्रमाणे अगदी बरोबर आहे.

बायकोनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “थ्या साहेबाले सांगा, रात्री साडेबारापर्यंत मोबाईल पाहू नोको. मंग येईन थो वेळेवर.”

इथे तिचा मुद्दा शास्त्राला धरून होता, म्हणून मी विषय बदलला. साडेबाराला झोपणाऱ्याला पाच वाजता उठवणं म्हणजे साडेचार तासांची झोप. शिवाय पहाटेच्या त्या वेळी शरीराचं तापमान दिवसभरातलं सर्वांत खाली असतं, आणि आतलं घड्याळही अजून रात्रच मोजत असतं. अशा वेळी उठवलं तर ती गुंगी जास्त जड आणि जास्त वेळ टिकणारी असते. त्यात सातपुड्याच्या पायथ्याची डिसेंबरातली थंडी आणि गोधडी. गजर बिचारा एकटा, आणि समोर एवढी मोठी फौज.

पण मी हार मानणारा नव्हतो. कोणीतरी सांगितलं, फोन उशाशी ठेवू नका, लांब ठेवा. मी तो स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला. पलंगापासून तिथपर्यंत जायचं म्हणजे उठावं लागणार, उंबरठा ओलांडावा लागणार, दिव्याचं बटण शोधावं लागणार. एवढ्यात साहेब नक्की येतील अशी अपेक्षा होती. सकाळी साडेसहाला जाग आली तेव्हा फोन माझ्या उशीखाली होता. मी आईवर संशय घेतला, तिनं देवाची शपथ घेतली. मग बायकोनं माझा उजवा हात धरून उजेडात नेला. बोटांना ज्वारीचं पीठ. उशीच्या अभ्र्यावर पीठ. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत पिठाची पावलं, तीही फक्त येतानाची. म्हणजे जाताना माझे पाय कोरडे होते, डबा मी चाचपडताना उघडला, थोडं पीठ सांडलं आणि त्यात पाय देऊन, फोन घेऊन, सन्मानपूर्वक परत आलो. यातलं मला एक अक्षर आठवत नव्हतं.

“पाह्य, चोर सुदा एवढा पुरावा ठेवत नाही,” आई म्हणाली.

त्यानंतर भाच्यानं फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात गणित सोडवल्याशिवाय गजर थांबत नाही. सतरा सक किती, त्रेपन्नातून अठ्ठावीस गेले किती, अशी तीन उदाहरणं बरोबर आली पाहिजेत. कल्पना उत्तम होती, कारण आकडेमोड करायला साहेबांना यावंच लागतं. पहिल्या पहाटे घरात जो कल्लोळ झाला तो मी सांगत नाही. मी पलंगावर बसून, डोळे मिटून, सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत होतो आणि दर वेळी सतरा सक ब्याण्णववर येत होतो. आई धावत आली. “बापा, या पोराले काय झालं वं? झोपीत पाढे म्हणून राह्यला!” तिनं माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. हे दोन-चार पहाटे चाललं. मग एके दिवशी गजर चटकन थांबला. दुसऱ्या दिवशीही थांबला. मी मनोमन खूश झालो, की आपली आकडेमोड सुधारली. नंतर कळलं, की सातवीतला माझा मुलगा शेजारच्या खाटेवरून हात लांब करून, अर्ध्या डोळ्यानं तिन्ही उदाहरणं सोडवायचा आणि कूस बदलायचा. त्याच्या गणिताच्या बाईंनी त्या सहामाहीत प्रगतिपुस्तकावर ‘वेगात उल्लेखनीय सुधारणा’ असा शेरा दिला.

मग आवाज बदलून बघितला. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. कर्कश बीप-बीपपेक्षा सुरेल, गुणगुणता येईल अशा गजरानं उठणारे लोक आपल्याला गुंगी कमी वाटते असं सांगतात, असं त्यात निघालं. मी तातडीनं माझं अत्यंत आवडतं, लताबाईंचं एक जुनं गाणं गजराला लावलं. पहिले काही दिवस खरंच प्रसन्न वाटलं. मी ते पूर्ण ऐकायचो आणि ऐकता ऐकता झोपायचो. पुढे त्या गाण्याचा आणि झोपेचा असा काही संबंध जुळला, की सौसरला एका लग्नात बॅंडवाल्यानं तेच गाणं वाजवायला घेतलं आणि माझा हात आपोआप खिशात गेला, अंगठा हलला आणि डोळे मिटले. वरात पुढे निघून गेली. मुलीच्या मामांनी नंतर विचारलं, “बाबूजी, तब्येत बरी नाही काय?”

घरातल्या भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे ठेवणं हा प्रकार सगळ्या घरांत असतो, आमच्याकडेही होता. त्याचा उपयोग एवढाच झाला, की घरातला प्रत्येक माणूस वजाबाकीत तरबेज झाला. घड्याळात सात वाजले की आम्ही एका सुरात म्हणतो, “म्हंजे सहा चाळीस.” आपणच आपल्याला फसवायचं आणि आपणच ते ओळखून हसायचं. त्या घड्याळावर विश्वास ठेवणारा एकच माणूस आजवर आमच्या घरी आला, नागपूरचा एक पाहुणा. तो पहाटेच्या अंधारात आवरून, चहा न घेता, धावत स्टेशनवर गेला आणि तिथे बाकावर बसून थंडीत कुडकुडला. पुन्हा तो मुक्कामाला आलेला नाही.

खरं सांगायचं तर आयुष्यात मी एकाच काळात नियमितपणे बस पकडली, आणि त्याचं श्रेय कुठल्याही घड्याळाला नाही, विजेच्या लाईनला आहे. माझ्या चुलतभावाची संत्र्याची बाग आहे. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तास मिळते, त्यातले काही तास रात्रीचे. लाईन आली की मोटर चालू करायला उठावंच लागतं, कारण गेली की गेली, पाणी राहिलं. त्यामुळे तो पहाटे चारपासून जागा असायचा. मी त्याला गळ घातली, “भाऊ, पाणी लावून झालं की मले एक फोन कर.”

त्यानं केला. पहाटे साडेपाचला फोन वाजायचा आणि पलीकडून बागेतल्या अंधारातून, पाण्याच्या खळखळाटासह, आवाज यायचा, “ऊठ बे! मी दीड तासापासून चिखलात उभा आहो न तू लोळून राह्यला!” या वाक्यात काय ताकद होती कोण जाणे, पण माझे साहेब तत्काळ हजर व्हायचे. गजराला माणूस गप्प करू शकतो. चिखलात उभ्या असलेल्या चुलतभावाला गप्प करता येत नाही. फोन कापला तर तो परत लावतो, आणि परत लावला की शिव्या वाढलेल्या असतात. शाळेत माझ्या आधी कोणीच येईना. वहीत पोरांची नावं लिहिताना माझा आवाज करडा झाला.

आणि डिसेंबर आला. संत्र्याच्या बागा ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांना सांगतो. आंबिया बहार हवा असेल तर या दिवसांत झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे महिना-दीड महिना पाणी तोडायचं. जमीन हलकी असेल तर कमी दिवस, भारी असेल तर जास्त. झाडाची पानं जरा मलूल झाली, काही गळाली, की ताण बसला असं समजतात. मग जानेवारीत पुन्हा पाणी सोडलं की झाड फुलतं. पण या ताणाच्या काळात रात्री मोटर लावायची नसते, आणि मोटर नाही म्हणजे चुलतभाऊ झोपलेला. झाडांना ताण, त्याला आराम आणि मला रोज उशीर. मुख्याध्यापकांनी विचारलं, “बाबूजी, नोव्हेंबरात तर वेळेवर येत होता, आता काय झालं?” मी म्हटलं, “सर, बागेला ताण दिला आहे.” त्यांना वाटलं माझी बाग आहे आणि मी तिथे राबून येतो. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. मी खुलासा केला नाही.

जानेवारीत पाणी सुटलं, फोन पुन्हा सुरू झाले, झाडं फुलली, मी वेळेवर जाऊ लागलो. हे चक्र असंच चालायला हरकत नव्हती. पण चुलतभावानं मोटरीला ऑटो स्टार्टर बसवला. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, गेली की बंद. त्याचा आता गाढ झोपेशी करार झाला आहे. मी एकदा तक्रार केली तेव्हा म्हणाला, “तुले पन एक ऑटो बसवून घे.”

हल्लीच मला एक भक्कम आधार सापडला. २०२३ साली स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी नेहमी स्नूझ दाबणाऱ्या ३१ माणसांना प्रयोगशाळेत झोपवून बघितलं. अर्धा तास स्नूझ करू दिलं तर त्यांची झोप फक्त सहाएक मिनिटांनी कमी झाली, आणि उठल्याबरोबर दिलेल्या चाचण्यांत ते एकदम उठवलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत, काहींमध्ये थोडे सरसच ठरले. मी ही बातमी रविवारी नाश्त्याच्या वेळी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता बायकोनं विचारलं, “अर्ध्या घंट्यानं थे लोक उठले काय?”

“हो, उठले.”

“मंग थे येगळे न तुमी येगळे.”

मी शेवटचं अस्त्र काढलं. आपल्या भागातला देव बघ, मी म्हटलं. सौसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली जे हनुमानजी आहेत, ते कसे आहेत? आडवे. निजलेले. बाकी बहुतेक ठिकाणी मारुती उभा, इथे निजलेला. माती, पाणी, हवामान यांचा काही परिणाम असेल की नाही?

ती पोह्यांची ताटली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. “अहो, थो समुद्र उडून गेला, लंका जाळली, डोंगर उचलून आनला, मंग निजला. तुमी काय करून आले?”

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. आई देवघरातून म्हणाली, “बराबर आहे सूनबाईचं.”

५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, तेव्हा मला वाटलं होतं आता तरी दिवस पालटतील. आधी कुठलाही कागद म्हटलं की छिंदवाड्याला जायचं, म्हणजे तांबडं फुटायच्या आत निघायचं. आता कलेक्टरच गावात आले. गावकऱ्यांना आनंद झाला तो विकासाचा, मला झाला तो झोपेचा. पण माझी शाळा काही सौसरहून हलली नाही, आणि सातची बसही.

त्या बसविषयी मात्र माझी तक्रार नाही. मध्य प्रदेशातली सरकारी बससेवा २००५ सालीच गुंडाळली गेली, तेव्हापासून आमचा सगळा भार खाजगी बसवाल्यांवर. आमचा कंडक्टर प्रवाशांना घरावरून ओळखतो. मी दिसलो नाही तर तो ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबवतो आणि गल्लीच्या तोंडाशी “सौसर, सौसर, सौसर” असा पुकारा करतो. तो ऐकून मी शर्टाची बटणं लावत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन चढतो. खिडकीकडची जागा मिळाली, काचेला डोकं टेकलं, बस गावाबाहेर पडली, की जी झोप लागते तिला तोड नाही. तिथे ना गोधडी, ना उशी, ना गजर.

परवा अशीच लागली. दचकून डोळे उघडले तेव्हा बाहेरचा रस्ता ओळखीचा वाटेना. शाळेची वेळ होऊन गेली होती. सौसर केव्हाच मागे पडलं होतं आणि बस छिंदवाड्याच्या रस्त्यानं रामाकोन्याला येऊन उभी होती. मी ताडकन उठलो, साहेब एकदम पूर्ण हजर. कंडक्टरवर कडाडलो, “अरे, रोजचा पॅसेंजर आहो मी! सौसरले उठवता नाही येत?”

त्यानं शांतपणे तिकिटांचं बंडल काढलं, बोटाला थुंकी लावली.

“दोन बार उठवलं भाऊसाहेब. दोन्ही बार तुमीच म्हणलं, अजून पाच मिनिटं.” मग त्यानं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं. “सौसर ते रामाकोना. सुटे द्या.”